बावीस विद्यार्थ्यांचा मराठीचा रकाना कोरा आहे: परीक्षा नियंत्रकांना खुले पत्र

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा व मूल्यमापन विभाग.

विषय : बी. ए. सहाव्या सत्राच्या निकालपत्रकात मराठी (ऐच्छिक) विषयाच्या लेखी परीक्षेचे गुण न आल्याबाबत. खानापूर तालुक्यातील एकाच केंद्रावरील २२ विद्यार्थी.

महोदय,

सहाव्या सत्राचा निकाल संकेतस्थळावर जाहीर झाला, तेव्हा खानापूर तालुक्यातील एका पदवी महाविद्यालयाच्या २२ विद्यार्थ्यांच्या निकालपत्रकात मराठीच्या लेखी परीक्षेचा रकाना कोरा आढळला. बाकी सर्व विषयांचे गुण व्यवस्थित आले आहेत. मराठीपुढे मात्र अंकही नाही आणि कोणताही शेराही नाही, फक्त एक आडवी रेघ आहे, आणि त्या रेघेमुळे पत्रकाच्या तळाशी एकूण श्रेणीच्या जागी 'निकाल अपूर्ण' असे उमटले आहे. ही रेघ कोठून आली याचा माग महाविद्यालयाच्या दप्तरातील कागदांवरून आणि निकालपत्रकांवरून बऱ्याच अंशी लागतो, असे माझे मत आहे. तो माग आपल्यापुढे मांडावा आणि दुरुस्ती कोणत्या टप्प्यावर करावी हे सुचवावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त प्राध्यापक आहे. सेवेत असताना परीक्षा केंद्रावर उपअधीक्षक म्हणून आणि मूल्यमापन केंद्रावर परीक्षक म्हणून काम केले असल्यामुळे उत्तरपत्रिकेचा वर्गखोलीपासून निकालापर्यंतचा प्रवास मला परिचयाचा आहे. प्राचार्यांनी याच विषयावर कन्नडमधून रीतसर अर्ज ई-मेलने आपल्याकडे पाठवला आहे आणि त्याला कागदपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत. हे पत्र त्या अर्जाला पूरक आहे. ते मराठीत असण्याचे कारण एवढेच की ज्यांच्या निकालाचा हा प्रश्न आहे ते विद्यार्थी आणि त्यांचे पालक ते वाचू शकावेत. शिवाय राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेतून गाऱ्हाणे मांडण्याची मुभा राज्यघटनेच्या ३५०व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला दिलेली आहे, तेव्हा त्याबद्दल अधिक खुलासा करीत नाही.

प्रथम आकडे सांगतो, कारण पुढचा सगळा उलगडा त्यांवरच उभा आहे. या केंद्रावर त्या दिवशी मराठीच्या पेपरला २६ जणांची नोंदणी होती. त्यांपैकी २३ नियमित विद्यार्थी आणि ३ जण मागील आकृतिबंधाचे, म्हणजे आपल्याकडे ज्यांना रिपीटर म्हणतात ते. नियमित विद्यार्थ्यांपैकी एक जण परीक्षेला आला नाही. म्हणजे हजर राहिले २२ नियमित आणि ३ रिपीटर, आणि केंद्रावर जमा झालेल्या उत्तरपत्रिका २५. आता निकाल पाहा. गैरहजर विद्यार्थ्यापुढे 'गैरहजर' असा शेरा बरोबर आला आहे. तिन्ही रिपीटरांचे गुण आले आहेत. कोरे राहिले ते नेमके हजर असलेले २२ नियमित विद्यार्थी.

एवढ्यावरूनच नेहमीच्या चार शंका बाद होतात. पहिली शंका अशी घेतली जाते की विद्यार्थ्याने परीक्षा अर्ज भरताना विषयच निवडला नसेल. पण या सर्वांच्या हॉल तिकिटावर मराठीचा पेपर त्याच्या क्यूपी कोडसह, म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या सांकेतिक क्रमांकासह, छापलेला आहे, आणि जो विद्यार्थी आला नाही त्याच्यापुढे याच विषयात 'गैरहजर' लागला, याचा अर्थ त्यांच्या वर्गाची नोंदणी प्रणालीत या पेपरला जोडलेली होती. नोंदणीच नसती तर गैरहजेरी कोठे लागली असती? दुसरी शंका अंतर्गत गुणांची. महाविद्यालयाने ते भरले नाहीत तरी निकाल अडतो आणि अशी प्रकरणे दर सत्रात निघतात हे खरे आहे. परंतु येथे २० पैकीचे अंतर्गत गुण सर्वांच्या पत्रकात दिसत आहेत. कोरा आहे तो ८० गुणांचा लेखी रकाना. तिसरी शंका गैरप्रकाराची. तसे काही असते तर निकाल राखून ठेवल्याचा शेरा आला असता आणि केंद्रप्रमुखांच्या अहवालात नोंद असती. ती नाही. चौथी आणि पालकांना सर्वांत भेडसावणारी शंका अशी की गठ्ठाच हरवला. याचे उत्तर त्या तीन रिपीटरांच्या गुणांत आहे, आणि ते कसे, हे पुढे सांगतो.

आपल्याला ठाऊकच आहे की या पेपरची प्रश्नपत्रिका नियमित आणि रिपीटर दोघांसाठी एकच छापली होती. प्रश्न तेच, गुण तेच ८०, पण माथ्यावर उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक असे दोन क्यूपी कोड होते. वरचा कोड जुन्या आकृतिबंधाचा आणि खालचा चालू आकृतिबंधाचा. कोणी कोणता लिहायचा याची सूचना त्याखाली बारीक अक्षरात मराठीत छापली होती. विद्यार्थ्यांनी घरी नेलेल्या प्रश्नपत्रिका मी पाहिल्या. सूचना स्पष्ट आहे, तिच्यात संदिग्ध काही नाही.

अडचण वर्गखोलीत झाली. पर्यवेक्षक दुसऱ्या विभागातील होते आणि त्यांना मराठी वाचता येत नव्हते. यात त्यांचा दोष मानण्याचे कारण नाही. आपल्या भागात कन्नडच्या पेपरला मराठी भाषक पर्यवेक्षक आणि मराठीच्या पेपरला कन्नड भाषक पर्यवेक्षक असणे ही रोजची गोष्ट आहे, आणि नियमाप्रमाणे पाहिले तर विषयाचा शिक्षक त्या खोलीत नसणेच योग्य. त्यांनी नेहमीच्या पद्धतीप्रमाणे फळ्यावर दिनांक, विषय आणि क्यूपी कोड लिहिला, आणि कोड लिहिताना जो आधी दिसला तो, म्हणजे वरचा लिहिला. विद्यार्थ्यांना सूचना वाचता येत होती. त्यांतील एका विद्यार्थिनीने, सर, आमचा कोड खालचा आहे का, असे विचारलेही होते. तेव्हा फळ्यावरचा लिहा, असे उत्तर मिळाले. पेपर सुरू व्हायला मिनिटे उरलेली असताना फळ्यावरचे डावलून स्वतःच्या मनाने कोड लिहिण्याचे धाडस वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने करावे, अशी अपेक्षा धरता येणार नाही. सर्व पंचवीस जणांनी उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर एकच, जुना कोड लिहिला आणि त्याखालची वर्तुळेही तशीच रंगवली.

पेपर संपल्यावर केंद्रावर उत्तरपत्रिका कोडनिहाय वेगळ्या करून त्यांचे बंडल बांधतात. पहिल्या पानांवर दोन कोड असते तर दोन बंडले झाली असती. येथे सगळ्यांवर एकच कोड असल्यामुळे एकच बंडल झाले. त्याच्या चिठ्ठीची कार्यालयीन प्रत केंद्रावर आहे आणि तिची छायाप्रत प्राचार्यांच्या अर्जासोबत आहे. तिच्यावर जुना कोड आणि उत्तरपत्रिकांची संख्या २५ अशी नोंद आहे, आणि बंडल गोळा करणाऱ्या गाडीवरील कर्मचाऱ्याची पोचसही आहे. उपस्थितीपत्रकावर मात्र नियमित आणि रिपीटर यांची पाने वेगळी आहेत, कारण ती विद्यापीठाकडून नोंदणीप्रमाणे छापूनच येतात. नियमितांच्या पानावर चालू कोड आहे आणि त्यावर २२ सह्या आहेत. रिपीटरांच्या पानावर जुना कोड आहे आणि त्यावर ३ सह्या आहेत. ही दोन पाने आणि ती एक चिठ्ठी शेजारी ठेवली की चूक डोळ्यांना दिसते. २२ अधिक ३ म्हणजे २५ ही बेरीज जुळते, पण कोड जुळत नाहीत.

यापुढचे टप्पे माझ्या डोळ्यांसमोर घडलेले नाहीत, पण ते कसे घडतात हे मला ठाऊक आहे आणि आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. मूल्यमापन केंद्रावर नाव व रजिस्टर नंबर असलेला भाग वेगळा होतो आणि परीक्षकाच्या हाती केवळ बारकोड असलेली उत्तरपत्रिका जाते. परीक्षकाला कोड बरोबर की चूक हे कळण्याचे साधन नसते. त्याच्यासमोर मराठीची उत्तरे आहेत, प्रश्नपत्रिका तीच आहे, तो तपासतो, पहिल्या पानावर प्रश्ननिहाय गुण मांडतो, बेरीज करतो आणि गुणयादीवर सही करतो. तपासणीत काहीही अडत नाही. अडते ते बारकोडवरून रजिस्टर नंबर उलगडताना. त्या वेळी प्रणाली प्रत्येक नोंदीत दोन गोष्टींची जोडी शोधते: हा रजिस्टर नंबर आणि हा क्यूपी कोड. तीन रिपीटरांची जोडी नोंदणीत सापडली, म्हणून त्यांचे गुण निकालात उतरले. बावीस नियमित विद्यार्थ्यांची नोंदणी जुन्या कोडखाली नव्हतीच, म्हणून त्यांच्या गुणांना उतरायला जागा मिळाली नाही. दुसरीकडे चालू कोडखाली त्यांच्यासाठी जी जागा राखलेली होती, तेथे काहीच येऊन पोहोचले नाही. ते विद्यार्थी गैरहजरांच्या यादीत नव्हते, म्हणून 'गैरहजर' लागले नाही. राहिली ती रेघ. पत्ता चुकलेल्या पार्सलसारखी ही गत आहे. माल सुखरूप आहे, फक्त ज्या गावाच्या नावाने तो उतरला तेथे त्याला घ्यायला कोणी नाही.

म्हणूनच मी म्हटले की गठ्ठा हरवलेला नाही. त्या तिघांच्या उत्तरपत्रिका याच बंडलात होत्या. त्या तपासल्या गेल्या, त्यांचे गुण लागले. एका बंडलातल्या तीन तपासून बावीस बाजूला ठेवल्या जातील हे संभवत नाही. शेजारच्या केंद्रावरील नियमित विद्यार्थ्यांना याच पेपरचे गुण मिळाले आहेत, म्हणजे चालू कोडखालचे मूल्यमापनही झालेले आहे आणि त्यात काही बिघाड नाही. तेव्हा हे २२ जणांचे गुण आपल्या विभागाच्या संगणकात, न जुळलेल्या नोंदींच्या यादीत, आज या घडीला असले पाहिजेत. माझा अंदाज चुकत असेल तर ती यादी एकदा उघडून पाहिल्यावर तेही लगेच कळेल. त्यासाठी कोणतीही चौकशी समिती नेमण्याची आवश्यकता नाही.

आता विद्यार्थ्यांना काय सांगितले गेले ते नमूद करणे भाग आहे. मदत कक्षाने त्यांना पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करण्यास सांगितले. तो सल्ला कोणी वाईट हेतूने दिला असेल असे मी म्हणणार नाही. समोर निकालाची तक्रार आली की हात त्याच अर्जाकडे जातो. पण पुनर्मूल्यांकन म्हणजे दिलेल्या गुणांचा फेरविचार, आणि येथे गुण दिसतच नाहीत तर फेरविचार कशाचा? त्यापुढची गोष्ट अधिक व्यावहारिक आहे. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज प्रणालीत भरायचा तर त्या विषयापुढे गुण असावे लागतात. कोऱ्या रकान्यापुढे तो पर्याय उघडतच नाही. उलट, प्रणाली हा विषय 'अद्याप उत्तीर्ण न झालेला' असा धरते आणि पुढील परीक्षेच्या अर्जात तोच विषय आपोआप दाखवते. काही पालक घाबरून ते शुल्क भरायला निघाले होते. ते शुल्क भरले गेले की विद्यार्थ्याने स्वतःच आपण पुन्हा बसत असल्याचे मान्य केल्यासारखे कागदोपत्री दिसेल आणि मूळ प्रकरण आणखी गुंतेल. म्हणून प्राचार्यांनी त्यांना थांबवले आहे. त्यांच्यासाठी तो विषय पुढील परीक्षेच्या यादीतून तूर्त काढून ठेवावा, ही माझी पहिली विनंती.

दुरुस्तीबद्दल माझे म्हणणे थोडक्यात असे. न जुळलेल्या नोंदींची यादी या केंद्राच्या क्रमांकावर आणि जुन्या कोडवर गाळून काढावी. तेथे २२ नोंदी मिळाव्यात. त्या नोंदींतील रजिस्टर नंबर नियमितांच्या उपस्थितीपत्रकातील २२ सह्यांशी एकेक करून ताडून पाहावेत. जुळल्यास आपल्या लेखी आदेशाने त्या संपूर्ण गटाचा कोड बदलून चालू कोड करावा आणि उलगडण्याची प्रक्रिया तेवढ्या गटापुरती पुन्हा चालवावी. गुण नव्याने हाताने टाइप करू नयेत, यावर माझा विशेष भर आहे. बावीसच तर आहेत, यादी समोर ठेवून भरून टाकू, असा मोह होणे स्वाभाविक आहे. पण याच तालुक्यात एकाच आडनावाची आणि मिळत्याजुळत्या नावाची चार-चार मुले एका वर्गात असतात, आणि रजिस्टर नंबर शेवटच्या दोन अंकांनीच वेगळे असतात. हाताने भरताना एक ओळ खाली-वर सरकली की दोघांचे गुण अदलाबदल होतात. आणि ही चूक रिकाम्या रकान्याहून वाईट, कारण ती दिसत नाही. कोड गटाने बदलला तर बारकोड आणि रजिस्टर नंबर यांची मूळ जोडी अबाधित राहते. त्यानंतर खात्रीसाठी २२ उत्तरपत्रिकांची पहिली पाने काढून परीक्षकाने मांडलेली बेरीज आणि संगणकात उतरलेले गुण ताडून पाहावेत. ते अर्ध्या दिवसाचेही काम नाही.

बावीसांपैकी एका विद्यार्थिनीचे प्रकरण मात्र निराळे ठरण्याची शक्यता आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो. तिला मिळालेल्या उत्तरपत्रिकेची आतली काही पाने छपाईत कोरी न येता शाई उतरून खराब झालेली होती, आणि पर्यवेक्षकांनी तिला ती बदलून दिली. उपस्थितीपत्रकावर तिच्या नावापुढे आधी लिहिलेला उत्तरपत्रिका क्रमांक खोडून वर नवा क्रमांक लिहिलेला आहे आणि शेजारी पर्यवेक्षकांची छोटी सही आहे. खोडलेला आकडा अजून वाचता येतो, इतका की घाईत पाहणारा तोच उतरवून घेईल. उपस्थितीची नोंद संगणकात घेताना जुना क्रमांक गेला असेल, तर कोड बदलल्यावरही तिचे गुण जुळणार नाहीत आणि एकवीस निकाल लागून एक कोरा राहील. तसे झाले तर नव्या क्रमांकाने शोध घ्यावा. खराब उत्तरपत्रिका केंद्राने रद्द करून परत पाठवल्याची नोंद त्याच दिवशीच्या अहवालात आहे.

अशा प्रसंगी आणखी एक वाट काढली जाते, ती म्हणजे इतर विषयांच्या सरासरीवर गुण देणे. उत्तरपत्रिका खरोखरच नष्ट झाली, जळाली, भिजली, तर तो शेवटचा उपाय म्हणून समजण्यासारखा आहे. येथे तो लावू नये. ऐच्छिक मराठी घेणाऱ्या मुलांचा हा मुख्य विषय आहे आणि बहुतेकांना त्यात इतर विषयांपेक्षा अधिक गुण असतात. मागील पाच सत्रांच्या त्यांच्या पत्रिका पाहिल्या तर हे सहज दिसेल. सरासरीने त्यांचे नुकसान होईल, आणि ज्याने यंदा या पेपरमध्ये कमी लिहिले असेल त्याला न मिळवलेले गुण मिळतील. उत्तरपत्रिका उपलब्ध असताना दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

उत्तरपत्रिका उपलब्ध आहेत, हे आज खरे आहे. उद्याही खरे राहावे यासाठी त्या जपून ठेवण्याचा स्वतंत्र आदेश द्यावा, अशी विनंती आहे. तपासलेल्या उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात आणि ती मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते. या बावीस जणांचा निकाल अजून पूर्ण लागलेलाच नाही, तेव्हा त्यांची मुदत दुरुस्त निकालाच्या तारखेपासून धरली पाहिजे. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे, पण तो हक्क उत्तरपत्रिका संस्थेच्या ताब्यात असेपर्यंतच उपयोगाचा आहे. माहिती अधिकारात अर्ज करून ३० दिवस उत्तराची वाट पाहण्यास विद्यार्थी तयार नाहीत असे नाही. मात्र ज्याचे उत्तर एका यादीत आहे त्यासाठी त्यांना त्या मार्गाने पाठवणे आपल्यालाही आवडणार नाही, असा माझा विश्वास आहे.

हाच न्याय पुनर्मूल्यांकनाच्या मुदतीला लावावा. सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी ती मुदत निकाल जाहीर झाल्यापासून सुरू झाली आहे आणि ती संपेल तेव्हा कदाचित या मुलांच्या हाती मराठीचे गुण नुकतेच पडलेले असतील. एखाद्याला आपले गुण कमी वाटले आणि छायाप्रत मागवावीशी वाटली तर प्रणाली त्याला मुदत संपली म्हणून परतवेल. दुरुस्त निकालाच्या परिपत्रकातच या २२ रजिस्टर नंबरांसाठी वेगळी मुदत नमूद केली तर पुढचा एक पत्रव्यवहार वाचेल. विषयनिहाय गुणवत्ता यादी काढायची असेल तर तीही तोवर थांबवणे उचित होईल.

वेळेचा प्रश्न खरा आहे तो प्रवेशाचा. या बावीसांतील काही जण बी. एड. करू इच्छितात, काही जण मराठीतच एम. ए. करण्यासाठी कोल्हापूरला जाण्याच्या विचारात आहेत. महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी तिकडच्या काही प्रवेशप्रक्रियांत वेगळी तरतूद आहे, आणि तिचा लाभ घ्यायचा तर रहिवासाच्या दाखल्यांची जुळवाजुळव आधीच जिकिरीची असते. त्यात अंतिम सत्राची गुणपत्रिका 'निकाल अपूर्ण' अशी असेल तर अर्ज छाननीतच बाजूला पडतो. छाननी करणाऱ्याला आडव्या रेघेचा इतिहास सांगता येत नाही आणि त्याला तो ऐकण्याचे कारणही नाही. कोड बदलून अंतिम मार्क्स कार्ड छापून येईपर्यंत वेळ लागणार असेल, तर मधल्या काळासाठी प्रत्येकाला आपल्या सहीचे एक पत्र मिळावे: या विद्यार्थ्याने मराठीची परीक्षा दिली आहे, विद्यापीठाकडील तांत्रिक कारणामुळे गुण जाहीर होणे बाकी आहे, त्याला अनुत्तीर्ण समजू नये. असे पत्र प्रवेश समित्या तात्पुरत्या प्रवेशासाठी ग्राह्य धरतात, हे मी स्वतः प्रवेश समितीवर असताना केलेले आहे. मात्र पत्र प्रत्येकाच्या नावे आणि रजिस्टर नंबरसह हवे, बावीस जणांचे एकत्रित नको. एकत्रित पत्राची छायाप्रत घेऊन आलेल्या विद्यार्थ्याकडे तिकडचा कारकून संशयाने पाहतो.

याच संदर्भात आणखी एक दक्षता सुचवतो. गुणपत्रिकांची छपाई आणि त्यांच्या प्रती डिजिलॉकरवर चढवणे हे काम साधारणतः संपूर्ण विद्यापीठाचे एकदम होते. या २२ रजिस्टर नंबरांना त्यातून वगळावे. एकदा रेघ असलेली गुणपत्रिका विद्यार्थ्याच्या डिजिटल खात्यात गेली की दुरुस्त प्रत आल्यावरही कोणती खरी, असा प्रश्न प्रत्येक नोकरीच्या पडताळणीत निघत राहील.

पुढच्या सत्रासाठी दोन गोष्टी कराव्यात असे मला वाटते, आणि दोन्हींना खर्च नाही. एका प्रश्नपत्रिकेवर दोन कोड छापणे टाळता येत नसेल, तर कोणता कोड कोणाचा ही सूचना मराठी, उर्दू, संस्कृत अशा सर्वच भाषाविषयांच्या प्रश्नपत्रिकांवर कन्नड आणि इंग्रजीतही छापावी, कारण ती वाचून फळ्यावर लिहिणारी व्यक्ती बहुधा त्या विषयाची नसते. आणि निकाल जाहीर करण्यापूर्वी केंद्रनिहाय दोन आकडे ताडून पाहावेत, उपस्थितीपत्रकावरील सह्या आणि निकालात गुण उतरलेले विद्यार्थी. या केंद्राच्या मराठीत चालू कोडखाली पहिला आकडा २२ आणि दुसरा शून्य होता. हजारो विद्यार्थ्यांच्या निकालात एखाददुसरी रेघ नजरेतून सुटणे मी समजू शकतो, पण एका केंद्राचा एक पूर्ण विषय शून्यावर असताना तो सुटू नये. मोठ्या विषयांत अशी गफलत झाली असती तर दुसऱ्या दिवशी शेकडो पालक दारात उभे राहिले असते. मराठीसारख्या कमी विद्यार्थ्यांच्या विषयात ती तेवढी मोठ्याने ऐकू येत नाही, म्हणून आकडे ताडण्याची गरज येथे अधिक आहे.

उपस्थितीपत्रकाची दोन्ही पाने, बंडलाच्या चिठ्ठीची कार्यालयीन प्रत, उत्तरपत्रिका बदलल्याचा त्या दिवशीचा अहवाल, प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानाचे छायाचित्र आणि २२ जणांची निकालपत्रके व हॉल तिकिटे प्राचार्यांच्या ई-मेलला जोडलेली आहेत. मूळ कागद महाविद्यालयाच्या कार्यालयात आहेत आणि आपण सांगाल त्या दिवशी ते घेऊन केंद्रप्रमुख आपल्या कार्यालयात येण्यास तयार आहेत. उत्तर प्राचार्यांच्या कार्यालयीन ई-मेलवर पाठवावे. त्यात न जुळलेल्या नोंदींच्या यादीत हे २२ नंबर सापडले की नाही, एवढे जरी आधी कळवले तरी विद्यार्थ्यांना पुढचे ठरवता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त मराठी प्राध्यापक,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव.